बादलीतला फुटबॉल

"बुचकळून दे," पाटलाचा धाकटा म्हणाला.

मी दिला. फुटबॉल बादलीत दाबला, वर काढला, झटकला आणि रेषेवर ठेवला. मग त्यानं तो उचलला आणि डोक्यावरून आत फेकला. खेळ सुरू झाला. बघणारे हसले. त्यांच्यात आमच्याही वस्तीतले काही होते. ते कशाला हसले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

कोडोलीकडच्या एका गावात, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात दुपारच्या मॅची होत्या. चार टीम, संध्याकाळच्या आत कप. चेंडू ज्याचा त्यानं आणायचा. आमच्या गावातून दोन टीम गेल्या. एक गावातली, एक ओढ्यापलीकडची, म्हणजे आमची चांभारांची. गावाच्या फुटबॉलचं कातडं चांगलं होतं, पण सकाळीच आतला ब्लॅडर फाटला. आमचा ब्लॅडर धड होता, पण कातडं उसवलेलं. मग त्यांच्या कातड्यात आमचा ब्लॅडर घातला. दोन टीमला मिळून एक चेंडू झाला.

तो बांधला मी. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, बापाशेजारी बसून चपला शिवत होतो. पंप नव्हता. ब्लॅडर कातड्याच्या चिरेतून आत सरकवला, नळी ओठांत धरली आणि गालफडं दुखेपर्यंत फुंकलं. नळी दुमडली, सुतळीनं आवळली, कातड्याच्या जिभेखाली दडवली. वरून वादी ओवून एकेक टाका ओढला. वादी जितकी घट्ट, तितका चेंडू कडक. त्या कातड्याच्या निम्म्या शिवणी बापानंच पुन्हा घातलेल्या होत्या. तेव्हा कुणाला बादली आठवली नाही.

आम्ही आमची पहिली मॅच जिंकली. गाववाल्यांनी चेंडू धुवायला लावला, मग तेही त्यांची जिंकले. फायनलला आम्ही समोरासमोर. आता मधे धुणार कसा? पाटलाच्या धाकट्यानं तोड काढली. पायानं चालतंय. हातात घ्यायचा झाला की आधी पाणी. पंच शेजारच्या गावचे मास्तर. ते शिट्टी पुसत राहिले.

मी उजव्या बाजूचा बॅक, आणि बादली माझ्याच बाजूच्या रेषेवर. चेंडू बाहेर गेला आणि फेकायची पाळी त्यांची असली की मी धावायचो. सांगायची वाट बघायचो नाही. याचीच लाज मला आजही वाटते. चौथ्या-पाचव्या वेळी तर धाकटा बोललाही नाही, नुसती मान हलवली, आणि मी वाकलो.

त्यांचा गोलकीपरही तसलाच. आमच्या शिवानं, माझ्या चुलतभावानं, सरळ त्याच्या छातीवर मारला. हात पुढं केले असते तर चेंडू अलगद हातात आला असता. त्यानं हात मागं घेतले आणि पाय वर केला. गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. एक-शून्य. आम्ही पुढं.

पाणी पिऊन कातडं दगडासारखं जड झालं होतं. वादी ताणली, सुतळी सैल झाली. हाफ टाइमला चेंडू दाबला तर बोट आत जात होतं.

"ए, हवा भर की," धाकटा म्हणाला. "तुझ्याबिगर कोण हाय?"

सगळे गोल करून उभे राहिले. मी वादी सोडली, नळी बाहेर काढली, सुतळी उकलली. नळी ओठांपर्यंत नेली आणि थांबलो. चेंडूच्या आत माझीच फुंकलेली हवा होती. दुपारभर हे लोक माझ्या श्वासामागं धावत होते, आणि वरचं कातडं मी त्यांच्यासाठी धूत होतो.

मी नळी सोडली. हवा फुस्स करत गेली. ब्लॅडर ओढून काढला, घडी करून खिशात घातला आणि ओलं कातडं धाकट्याच्या पायाशी ठेवलं.

"कातडं तुमचं. घ्या."

"मॅच?" तो म्हणाला.

"न्हाय खेळत."

शिवानं माझा दंड धरला. "लेका, आपण जिंकतोय की रं!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरांनी आम्ही मैदान सोडल्याचं सांगून कप गावाला दिला. शिवा पुढं कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं. गोल त्याचा होता, आणि मी उशिरा जागा झालो. पहिल्याच वेळी बादली लाथाडली असती तर कपही सोडावा लागला नसता कदाचित. ठाऊक नाही.

घरी बापाला सांगितलं. तो चपलेवर अरी चालवत होता. थांबला. "किती येळा बुचकळलास?" एवढंच विचारलं.

"सात."

 तो मान खाली घालून पुन्हा टाका घालू लागला. त्या सात वेळा मला कुणी धरून वाकवलं नव्हतं. माझे मीच वाकलो होतो.

आठवी वेळ आली नाही. येणार नाही. ज्यांना माझा हात चालत नाही, त्यांच्यासाठी मी फुंकणार नाही.