तिघांत तीन क्रियापदं

बी.एड.ला आम्ही एकमेकांना सर आणि मॅडम म्हणायचो. नोकरी आमच्यातल्या एकालाही नव्हती. पण हाक मारण्यापुरती तरी ती लागावी, एवढीच त्यामागची भावना होती. त्या साऱ्या सर-मॅडमांत ताई मात्र एकच. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून त्या रोज एसटीने जालन्याला यायच्या. घरी मेंढ्या होत्या, थोडी कपाशी होती, आणि सहा वर्षांच्या संसारानंतर शिकायला बसलेल्या सुनेकडे कौतुकाने कमी नि हिशोबीपणाने जास्त पाहणारी माणसं होती.

आमचा गट तिघांचा होता. ताई, मी, आणि बदनापूरहून रेल्वेने येणारे एक सर. अध्यापनशास्त्र काय असतं ते आम्हाला कळलं की नाही, सांगता येत नाही. पण वाटून घेण्याचं शास्त्र मात्र आम्ही पहिल्याच महिन्यात आत्मसात केलं. तीन अहवाल लिहायचे असले की प्रत्येकाने एकेक लिहायचा आणि उरलेले दोन उतरवून काढायचे. वहीवर मोरपीस रंगवलेलं मुखपृष्ठ ज्याचं, त्याला जास्त गुण. हे मी कडवटपणाने सांगत नाही. माझ्या वहीवर मोर होता.

ताईंचा इंग्रजीचा एक सराव पाठ आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी नापसंत केला होता. 'पुन्हा घ्यावा', असा तांबड्या शाईतला शेरा. त्या पाठात ताईंनी तक्ता लावला, छडीने दाखवत वाचला, मुलांनी माना डोलावल्या, आणि शेवटी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नावर वर्ग असा गप्प झाला की बाहेरच्या रिक्षांचे भोंगे मोजता आले असते. आता तोच पाठ एकदाच पुन्हा मिळणार होता. तो गेला असता तर वर्ष गेलं असतं. आणि ताईंचं वर्ष हे ताईंचं नव्हतंच. ते त्यांच्या जावेचं होतं.

"माझ्या वाटणीचं समदं काम जाऊबाई करून राह्यल्यात," ताई म्हणाल्या. "उन्हाळ्यापर्यंत म्हणून बोलून ठेवलंय. त्याच्या पुढं त्या एक दिवस ऐकणार न्हाईत, आन् त्यांचं काय चुकतं?"

घटक असा होता: स्टॉप, रिमेंबर आणि ट्राय या क्रियापदांपुढे कधी 'टू' येतं आणि कधी 'आयएनजी', आणि त्याने अर्थ कसा पालटतो. आम्ही तो नेहमीच्या पद्धतीने वाटून घेतला. स्टॉप ताईंकडे, रिमेंबर माझ्याकडे, ट्राय बदनापूरच्या सरांकडे. चार दिवसांनी सराव पाठाच्या शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटलो. ताईंना त्यांचं स्टॉप लख्ख समजलेलं होतं.

"रिक्षावाला स्टॉप्ड टू टॉक म्हणजे गाडी थांबवली, बोलण्यासाठी. स्टॉप्ड टॉकिंग म्हणजे बोलणंच बंद केलं. एकात थांबला बोलायला, दुसऱ्यात बोलायचा थांबला. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो आणि माझं रिमेंबर मांडलं. आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर म्हणजे कुलूप लावायचं लक्षात राहिलं आणि मग लावलं. आय रिमेंबर लॉकिंग द डोअर म्हणजे कुलूप लावलं आणि ते लावल्याचं आता आठवतंय. एकात आधी आठवण, दुसऱ्यात आधी कुलूप.

मग आम्ही दोघांनी बदनापूरकडे पाहिलं. सरांनी वही उघडून गंभीरपणे वाचलं, "ट्राय टू म्हणजे प्रयत्न. ट्राय आयएनजी म्हणजे प्रयोग."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच की. प्रयत्न आणि प्रयोग."

"आवो सर, पण फरक काय?"

"फरक..." सरांनी चहाचा घोट घेतला. "गाइडात एवढंच आहे. मी बिलकुल जसंच्या तसं उतरवलंय."

ताई हसल्या. मग कप बाकड्यावर ठेवला.

"मला तुमचं रिमेंबर आज कळलं," त्या मला म्हणाल्या. "तुम्हाला माझं स्टॉप आज कळलं. दोन वर्ष आपण नुसतं वाटूनच घेतलं, सर. वाटलेलं परत एका जागी आणलंच न्हाई कधी."

त्या वाक्यानंतर त्यांनी पाठाचं टाचण फाडलं. मला ते पान फाटताना वाईट वाटलं, कारण त्यावर समास मी आखून दिले होते.

नवा बेत साधा होता. जुन्या जालन्यातली शाळा, नववीचा वर्ग, तीस-एक मुलं. तिघातिघांचे गट. गटातल्या प्रत्येकाला एक क्रियापद. आधी सगळ्या गटांतले स्टॉपवाले एका कोपऱ्यात जमणार, रिमेंबरवाले दुसऱ्या, ट्रायवाले तिसऱ्या, आणि आपापला कागद समजून घेणार. मग सगळे परत आपल्या गटात येऊन उरलेल्या दोघांना शिकवणार. शेवटी ताई प्रश्न विचारणार, तो ज्याचं क्रियापद नाही त्याला. म्हणजे रिमेंबरवाल्याला स्टॉप, स्टॉपवाल्याला ट्राय. ज्याने नुसतं आपलंच राखलं, त्याचा गट अडकणार.

"आणि ट्राय?" मी विचारलं. "ते आपल्यालाच येत नाही."

"गाइडातली वाक्यं देते कागदावर. बघू पोरं काय म्हणतात." आवाज मात्र बघू म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता.

पाठाच्या दिवशी मार्गदर्शक आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मागे शिपाई खुर्ची घेऊन. ते अतिशय विद्वान गृहस्थ होते, म्हणजे त्यांच्याकडे तशी ख्याती होती आणि तिची ते निगा राखत. वर्गात तक्ता नाही हे पाहून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तो मी खिशात घालून आणला असावा. मी निरीक्षणाची नोंदवही पुढे धरून मागच्या भिंतीला चिकटलो. बदनापूरचे सर शेजारी होते, ट्रायच्या बाबतीत कमालीचे नम्र झालेले.

पहिला भाग गोंगाटाचा झाला. मुलं उठली, बाकं सरकली, मार्गदर्शकांच्या कपाळावर एक उभी रेघ आली. मग मुलं गटांत परतली, आणि हळूहळू त्या गोंगाटाला आकार आला. एका रिक्षावाल्याचा मुलगा मैत्रिणींना समजावत होता, "माझे पप्पा सवारी दिसली की स्टॉप टू टॉक. पण स्टॉप टॉकिंग? कवाच न्हाई." पलीकडे एक मुलगी बोटं नाचवत होती, "यात आधी आठवलं मंग लावलं, त्यात आधी लावलं मंग आठवलं. किती येळा सांगू रे तुला?" हे वाक्य मी दोन वर्षांत ऐकलेल्या बहुतेक व्याख्यानांपेक्षा स्पष्ट होतं.

पण ट्रायवाले पडेल चेहऱ्याने आपापल्या गटांत 'प्रयत्न आणि प्रयोग' पुटपुटत होते. आणि खिडकीजवळच्या गटातून हाक आली.

"मॅडम, आमच्यात ट्रायच न्हाई! ते पोरगं गायब हाय, लग्नाला गेलं."

दोघींचा गट, दोन क्रियापदं. ताईंनी वर्गभर पाहिलं. दुसऱ्या गटातला ट्रायवाला त्यांना तिथे देता आला असता. त्या तशा वळल्याही. मग काय मनात आलं कोण जाणे, त्या थेट मागे गेल्या आणि खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"सर, तिथं एक माणूस कमी पडून राह्यलंय. तुम्ही येता का?"

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. पाठाचे गुण देणाऱ्या माणसाला पाठात बसवण्याची सोय कोणत्याही टाचणात नव्हती. सगळा वर्ग वळून बघत होता. अशा वेळी नाही म्हणायला जो साधेपणा लागतो तो मार्गदर्शकांकडे नव्हता. ते उठले आणि नववीच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे बाकाखाली मावेनात म्हणून तिरके बसले.

"ट्राय," त्यांनी सुरुवात केली, "म्हणजे मानवी जीवनातील प्रयत्नांचे महत्त्व..."

"सर," एक मुलगी म्हणाली, "पण टू आन् आयएनजीत फरक काय?"

मार्गदर्शकांनी ते वाक्य तिथेच सोडलं. मग, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, ते उठले आणि खिडकीकडे गेले. "बघा. आय ट्राय टू ओपन द विंडो." त्यांनी झडप ढकलली. ती अर्धवट वाळलेल्या रंगाने चिकटलेली होती. त्यांनी खांदा लावला. पांढऱ्या शर्टावर तेलरंगाची निळी पट्टी उमटली.

"उघडंना, सर."

"हाच प्रयत्न," मार्गदर्शक धापा टाकत म्हणाले. "ट्राइड टू ओपन. जोर लावला, जमेल किंवा जमणार नाही."

"मंग ट्राइड ओपनिंग?"

या प्रश्नावर त्यांनी पुन्हा त्याच झडपेला खांदा लावला. बाहेर रिक्षाचा भोंगा ऐकू आला, आणि मला तो पहिला, नापसंत झालेला पाठ आठवला. ताई जागेवरच उभ्या होत्या. मग त्या शेजारच्या खिडकीशी गेल्या आणि कडी सरकवली. झडप सहज उघडली. मार्चची वाफ आत आली.

"उकडायचं कमी झालं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई!" वर्ग ओरडला. "जास्तच झालं!"

"खिडकी उघडली ना पण?"

"उघडली."

"मंग मी काय केलं?" हे विचारताना त्यांचा आवाज बदलला. तो प्रश्न मुलांना नव्हता. "उघडायला जोर न्हाई लावला. फरक पडतो का म्हणून... उघडून पाह्यली. उघडून पाह्यली मी!" त्या वळल्या. "आय ट्राइड ओपनिंग द विंडो!"

शेजारच्या बदनापूरच्या सरांनी मोठ्याने "अच्छा!" म्हटलं. आणि खोलीभर ते पसरलं. "सरांनी उघडायचा प्रयत्न केला, मॅडमनी उघडून पाहिली." एका गटाने लगेच पुढचं वाक्य केलं: आय ट्राइड ड्रिंकिंग वॉटर, उचकी थांबली न्हाई. दुसऱ्याने केलं: आय ट्राइड टू वेक अप अर्ली, झोपच उघडली न्हाई. ताईंनी शेवटचे प्रश्न विचारले, ज्याचं क्रियापद नाही त्यालाच, आणि दहांतले आठ गट सुटले.

मार्गदर्शकांनी शेरा लिहायला बराच वेळ घेतला. वही हातात आली तेव्हा तांबड्या शाईत होतं: 'मार्गदर्शकांच्या प्रत्यक्ष सहभागामुळे पाठ परिणामकारक झाला. पसंत.' पहिल्या वाक्यावर आम्ही तिघं टपरीवर पोट धरून हसलो. दुसरं वाचून ताई बाकड्यावर खाली बसल्या.

मग त्यांनी फोन लावला. दिराला नाही, नवऱ्याला नाही, जावेला. स्पीकरवर मेंढ्यांचा आवाज आला.

"झालं, बाई. पसंत."

"म्हंजे उन्हाळ्याला सुटलीस तू?"

"सुटले."

पलीकडे मेंढ्यांना एक हाळी गेली. मग जाऊ म्हणाली, "मंग नोकरी लागंपर्यंत मी बघते समदं. पण ये जल्दी, आन् मलाबी सांग काय शिकवलंस ते."

ताईंनी फोन पदराला पुसला आणि एसटी पकडायला निघाल्या. वाटेत दोनदा वळून त्यांनी विचारलं, "तुमचं ते रिमेंबर पुन्हा एकदा सांगा बरं, सर. घरी सांगायचं आहे."