विश्रामकाकांचा भोंगा

विश्रामकाका तीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे त्यांच्या आवाजात उत्साह असा कधी सापडत नाही. कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत हरवलेल्या मुलांच्या केंद्रात माईकवर ते बसतात आणि शेजारी वही घेऊन मी. शाळेत पोरांची हजेरी घेते, म्हणून हे काम मला चिकटलं.

काकांची सूचना एका पुठ्ठ्यावर लिहिलेली आहे. "मदत केंद्रातून सूचना. एक मूल आमच्याकडे सुखरूप आहे. ज्यांचं मूल चुकलं असेल त्यांनी धावू नये, चालत पोलीस चौकीशेजारच्या पांढऱ्या मंडपात यावं. बाकीच्यांनी वाट द्यावी." तीनदा म्हणायचं, मग पाच मिनिटं थांबून पुन्हा. मुलाचं नाव नाही, कपडे नाहीत, मुलगा की मुलगी तेही नाही. ते सगळं भोंग्यावर सांगितलं तर कोणीही येऊन ते नाव घेऊन पोर मागेल. आलेल्या माणसानेच खूण सांगायची. ती जुळेपर्यंत मूल पडद्याआड किशोरी कॉन्स्टेबलजवळ.

अजय आमचा स्वयंसेवक, त्याला ही संथ चाल सोसत नाही. "काका, पोर चुकला हा, कणकवली गाडी लागाक नाय," तो म्हणतो.

"घाबरल्या माणसाक नवीन वाक्य समाजना नाय," काका म्हणतात. "तांच तांच आयकला काय पाय जाग्यार येतत."

मला स्वतःला हा हट्टीपणाच वाटायचा. अकरा वर्षांत त्या पुठ्ठ्यावरचा एक शब्द त्यांनी बदलू दिला नव्हता.

यंदा दुपारी बाराच्या सुमारास एका फुगेवाल्याने पाच वर्षांची पोरगी आणून दिली. नाव सृष्टी, गाव आचरा. रडत नव्हती, पण दोन्ही हातांनी धरलेला पाण्याचा पेला सोडत नव्हती. वडील गोव्याला बोटीवर, फोन नंबर पाठ नाही. काकांनी सूचना दिली. तीनदा, मग पुन्हा तीनदा. अर्धा तास झाला, कोणी आलं नाही. आई वाळूवर शोधत शोधत समुद्राच्या बाजूला गेली तर, असं माझ्या मनात आलं आणि मी वही मिटली.

तेवढ्यात पडद्याआडून पोरगी किशोरीला म्हणाली, "आये आयकाचा नाय. तेका आयकाक येणा नाय."

अर्धा तास आम्ही एका बहिऱ्या बाईला भोंग्यावरून धीर देत होतो. मला इतकी लाज वाटली की अजयने थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

काकांनी पुठ्ठा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. आईची साडी निळी, खांद्याला पिवळी पिशवी, एवढं सृष्टीने सांगितलं. मग तोच संथ आवाज भोंग्यातून समुद्रापर्यंत गेला. "निळी साडी, पिवळी पिशवी, अशा एक ताई कोणाला तरी शोधत असतील. त्यांना ऐकू येत नाही. हाक मारू नका, हात ओढू नका. एखाद्या बाईने समोर जाऊन उभं राहावं, हसावं, आणि पांढऱ्या मंडपाकडे बोट दाखवावं. बाकीच्यांनी वाट द्यावी." तीनदा. पोरीचा उल्लेख त्यातही नव्हता.

दुसऱ्या फेरीनंतर ती आली. पदर घसरलेला, पाय गुडघ्यापर्यंत ओले. सोबत सात-आठ अनोळखी बायका. आतून सृष्टी "आये" म्हणून ओरडली. आईला ते ऐकू गेलं नाही, बायकांना गेलं.

"मेल्या, आता तरी दी तेचा पोर," त्यातली म्हातारी काकांवर खेकसली.

मलाही तसंच वाटत होतं. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि कागदावर लिहून तिच्यापुढे धरलं : 'मुलीची एक खूण सांगा.' तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, तिला अक्षरं दिसेनात. तिने कागद दोनदा पुसला. मग एकदम कनवटीला हात घातला आणि तुटलेल्या कडीचा एक पैंजण काढून टेबलावर ठेवला.

माझ्या वहीत, कोणालाही न सांगितलेल्या खुणेच्या रकान्यात लिहिलं होतं : उजव्या पायात एकच पैंजण. किशोरीने पडदा बाजूला केला.

मूल पोचलं की तेही भोंग्यावर सांगावं लागतं, नाहीतर लोक शोधतच राहतात. काकांनी माईक उचलला, तोंड उघडलं आणि आवाज निघेना. माईक त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग मीच म्हटलं, "ज्या ताईंना आपण शोधत होतो त्यांना त्यांचं मूल भेटलं आहे. सर्वांचे आभार." तीनदा म्हटलं, जमेल तितकं संथ. आईला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. तिच्या कडेवरून पोरगी ते वाक्य तिला दोन्ही हातांनी सांगत होती, तिन्ही वेळा, आणि काका डोळे न पुसता तिच्या हातांकडे बघत बसले होते.