दोन दिवस पुरतात

बत्तीस वर्षं म्या धाराशिवहून सहलीच्या गाड्या नेल्या. कुठल्या गावाला किती दिवस द्यायचे, हे मला गिऱ्हाइकाच्या पायावरून कळायचं. पहिल्या देवळाला माणसं पळत उतरतात. तिसऱ्या देवळाला बाया म्हणतात, तुम्ही या जाऊन, आम्ही गाडीतच बसतो. असं झालं की समजायचं, एक दिवस जास्त झाला. म्हणून दोन किल्ले लागोपाठ दाखवायचे न्हाईत, आणि शेवटचं ठिकाण परतीच्या वाटेवरचं ठेवायचं. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसे.

बायको गेल्याला तीन वर्षं झाली. लेक बेंगळुरूला. गेल्या थंडीत त्याचा फोन आला. रजा काढतोय, म्हणाला, पोरीला आपला जिल्हा दाखवायचाय, किती दिवस लागतील?

आणि माझी जीभ! जुन्या सवयीनं घात केला. "दोन दिवस पुरतात," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी तेच ते वाटायला लागतं." वर परांड्याचा किल्ला गाळ, नळदुर्गाचा एक बास, हेही सांगितलं. फोन ठेवल्यावर कपाळावर हात मारून घेतला. परत फोन करून ‘आठ दिवस राहा’ म्हणायला काय झालं होतं? पण बापाला तेवढं मागता येईना.

लेक, सून आणि नात, तिघं आली. पहिल्या दिवशी तेरची जुनी देवळं आणि धाराशिवची लेणी. रात्री दमून जेवली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बॅगा भाड्याच्या गाडीत घातल्या, तुळजापूरला दर्शन घेतलं आणि दुपारी नळदुर्ग. नात पाणीमहालाच्या पायऱ्या दोनदा चढली-उतरली. मनात म्हटलं, अजून हिचा जीव भरला न्हाय.

उन्हं उतरली तशी मी लेकाला म्हणालो, उद्याचा दिवस थांबा की. घरी नुसतं बसू.

तो हसला. "अण्णा, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. आज रात्रीच्या रेल्वेची तिकिटं काढलीत."

नळदुर्गावरून सोलापूर जवळ. स्टेशनाच्या वाटेवर शेवटचं ठिकाण. मीच आखलं होतं ते, लई हुशारीनं. त्यांची गाडी सोलापूरकडं गेली आणि मी उलट्या दिशेची एसटी धरली.

घरी आलो. नातीसाठी आणलेलं पेरूचं पोतं तसंच पडलं होतं. दोन दिवसांत तिनं आमच्या मागल्या अंगणात पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. मी त्यांना सगळा जिल्हा दाखवला आणि घर यादीत धरलंच न्हाय. लई एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आठ वाजता लेकाचा फोन आला. रेल्वे वेळेवर आहे, म्हणाला. मग म्हणाला, "अण्णा, काय आखली होती ट्रिप! एक मिनिटसुद्धा वाया गेलं न्हाई."

"बरं झालं," मी म्हणालो.