वजूचं पाणी

तलातू कानो शहराच्या बसतळावरच्या लहानशा दवाखान्यात नर्स होती. मी तिच्या हाताखाली औषधं वाटायची. भर उन्हाळ्यात रमजान आला की तिचा चेहरा आदल्या दिवसापासूनच उतरायचा. बसमधून उतरलेली माणसं यायची ती डोकं धरूनच. पोटऱ्यांत गोळे, मळमळ. जो तो म्हणायचा, मलेरियाच आहे, गोळी द्या.

त्या दुपारी बल्की आली. शहरात कापड विकून गावी परत जाणारी. चेहरा पांढरा, अंग घामानं चिकट आणि गार. ताप थोडाच, वाटेत एक उलटी झालेली.

"गोळी दे, बाई. माझी बस जाईल."

"गोळीनं काही होणार नाही. उन्हानं अंग थकलंय तुझं. पाय वर करून पड, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पी."

"आणि रोजा?"

"आजाऱ्याला सूट देवानंच दिलीय. नंतर भरून काढ."

"तू कधीपासून मौलवी झालीस गं? उलटी आपोआप झाली तर रोजा मोडत नाही, मी विचारून घेतलंय."

"तोंड चालतंय म्हणजे डोकं अजून ताळ्यावर आहे," तलातू म्हणाली. "ते बिघडलं तर मग माझ्या हातात फारसं राहणार नाही."

पण जागा जाईल म्हणून बल्की उठून गेलीच. आमच्याकडे बस भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरेना. तापल्या पत्र्याखाली ती बसून राहिली.

असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाआधी कंडक्टर सुनूसी हसत आला. "तुमची भांडकुदळ बाई बघा, कशी शांत झोपलीय!"

तलातू हातातलं टाकून धावली. मी मागोमाग.

"बल्की, आज वार कोणता?"

"कापड... घडी कर," बल्की जड जिभेनं बरळली. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. तापमापी चाळिसाच्या पुढे.

"सावलीत घ्या! पाणी आणा, पाणी!"

नळ कोरडा होता. कडुलिंबाखाली पुरुष नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वजूला बसले होते, प्रत्येकापुढे भरलेली झारी. तलातू त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. "हे पाणी मला द्या."

 मग बांग देणारे म्हातारे बाबा आपली झारी पुढे सरकवत म्हणाले, "घे पोरी. पाणी नसलं तर आम्हाला वजूला माती आहे."

झाऱ्यांवर झाऱ्या बल्कीच्या अंगावर रिकाम्या झाल्या. चटयांनी वारा घातला. सुनूसी तिच्या तोंडाला पाणी लावायला गेला, तर तलातूनं त्याचा हात झटकला. "शुद्ध नाही तिला! फुप्फुसात जाईल."

पुरुषांनी मातीवर तळवे टेकले, तोंडावरून फिरवले आणि नमाजाला रांग धरली. आम्ही बल्कीला बसतळावरच्याच एका गाडीत घातलं, खिडक्या उघड्या ठेवल्या. वाटभर तलातू तिच्या मानेवर, काखेत ओली फडकी बदलत राहिली. रोज्यानं तिचे स्वतःचे ओठ फुटले होते.

मोठ्या इस्पितळाच्या दारात बल्कीनं डोळे उघडले. "तलातू... थंडी वाजतेय गं."

"वाजू दे," तलातू म्हणाली आणि फडकं पुन्हा भिजवलं.