नो कम्प्लेंट्स

मुलाच्या परदेशातल्या गावी, शुगर लँडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून विचारायच्या, "हाऊ आर यू?" आणि उत्तर माझा मुलगा द्यायचा, "शी इज फाइन. नो कम्प्लेंट्स." उभा जन्म वर्गात बोलण्यात घालवलेली बाई मी, आणि इथे माझ्या तोंडाला कुलूप.

हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली होती. तीनेक महिन्यांनी केस जायला लागले. कंगव्यात, उशीवर, बाथरूमच्या जाळीवर पुंजकेच्या पुंजके. सून म्हणाली, इथलं पाणी जड आहे. मुलगा म्हणाला, "आई, जीव वाचतोय ना? या वयात केसांचं काय घेऊन बसलीस?" हे म्हणताना तो स्वतःच्या टकलावर केस उगवायचा महागडा फेस चोळत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या खेपेला दवाखान्यात मी त्याला म्हटलं, "केसांचं विचार." तो डॉक्टरांशी काहीतरी बोलला आणि मला म्हणाला, "नॉर्मल आहे म्हणतात." त्या बोलण्यात 'हेअर' हा शब्द कुठेच नव्हता. तेवढं इंग्रजी मला कळतं.

त्या रागात मी अधूनमधून गोळी टाळायला लागले. घरात सांगितलं नाही. सांगून ऐकणार कोण?

नंतरच्या तपासणीत बोटातून रक्त घेतलं, तर ते पुन्हा लवकर गोठायला लागलेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का?

"नो, नेव्हर," मुलगा म्हणाला.

मग डोस वाढवू या, असं म्हणत त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

"वेट," मी म्हटलं. "ही डज नॉट नो. आय मिस्ड." पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आठवड्याचे केस होते. "धिस टॅब्लेट. माय हेअर."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची माझ्याकडे वळवून सावकाश बोलल्या. या गोळीने केस गळू शकतात. थायरॉइड आणि लोहही तपासू. पण मनाने गोळी सोडाल तर रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. आणि आज डोस वाढवला असता नि तुम्ही तो नेमाने घेतला असता, तर रक्तस्रावाचा धोका होता. तुमच्या हृदयाच्या झडपा चांगल्या आहेत, मूत्रपिंडं ठीक निघाली तर दुसऱ्या प्रकारची गोळी देता येईल. कधी बदलायची ते मी सांगेन. तिच्यानेही काहींचे केस जातात, पण कमी जणांचे. फरक दिसायला महिने लागतील.

एवढंच मला हवं होतं. कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

गाडीत मुलाचा चेहरा उतरलेला होता. "आई, मला सांगायचं ना."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तू ते पुढे पोचवलं नाहीस."