कानाला पोचलेला हात

तुलाराम सेलोकर गुरुजींचे हात लांब होते, आणि त्या हातांनीच त्यांच्या आयुष्याचं वाटोळं केलं. हसू नका, खरं तेच सांगतोय.

भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याकडच्या खेड्यात त्या काळी पोरगं नेमकं कधी जन्मलं याचा हिशेब कोण ठेवायचं? 'दिवाळीच्या आसपास झाला, धान कापणीवर आलं होतं,' एवढं आईला आठवलं तरी पुष्कळ. शाळेत घालायची वेळ आली की हेडमास्तर पोराला समोर उभं करत आणि म्हणत, 'उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर.' कान हाताला लागला की पोरगा सहा वर्षांचा. नाही लागला तर पुढच्या साली या.

तुलारामचे वडील दादाजी त्याला पुढच्या साली आणायला तयार नव्हते. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, तोंडावर आलेला. घरातलं झाडून सारं माणूस चिखलात उतरणार, आणि हे कारटं घरामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, डुंबायला जाणार. एका शेजाऱ्याचं पोरगं तसंच बुडून गेलं होतं. शाळेत बसलं तर निदान मास्तरांच्या नजरेसमोर राहील, एवढाच बापाचा विचार. पोराला पाच वर्षंही पुरी नव्हती, पण हात लांब. सर्रकन डोक्यावरून गेला आणि कानाला लागला.

"पोचला जी!" दादाजी खूश होऊन म्हणाले.

हेडमास्तरांनी सहा वर्षं मागं मोजली आणि जन्मतारीख लिहिली, एक जुलै त्रेपन्न. त्या गावात निम्मी पोरं एक जुलैलाच जन्मलेली असत. खरा तुलाराम चौपन्नच्या दिवाळीचा. कागदावर तो जन्मायच्या आधीच वर्षाहून मोठा झाला. त्या दिवशी कोणाचं काही बिघडलं नाही. उलट दादाजींनी मास्तरांच्या घरी दुधाचा तांब्या पाठवला.

पोरगा हुशार निघाला. मॅट्रिक झाला, डी.एड. झाला आणि बहात्तर साली जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून लागला, अड्याळपासून सायकलच्या टप्प्यातल्या गावी. गावाच्या लेखी पोराचं सोनं झालं. पण तुलारामच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. एकदा शाळेच्या आवारात तहसीलदारांची जीप आली. कालपर्यंत मास्तरांवर डाफरणारे सरपंच त्या माणसासमोर हात बांधून उभे राहिले. तुलारामनं ते पाहिलं आणि ठरवलं, आपणही लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसायचं, तहसीलदार व्हायचं.

त्यासाठी पदवी पाहिजे होती. नोकरी करता करता बाहेरून परीक्षा देऊन त्यानं बी.ए. केलं. यात पाच वर्षं गेली. मधल्या काळात वच्छलाशी लग्न झालं, पोरगा झाला. आयोगाची जाहिरात पाहून पहिला अर्ज केला, तेव्हा कागदावरचं वय पंचविशीच्या पुढं सरकलेलं.

त्याच्याबरोबर डी.एड. झालेले आनंदराव शेजारच्या शाळेवर होते. दोघांनी पहिली परीक्षा बरोबरच दिली, नागपूरला एकाच खोलीत उतरून. दोघंही नापास झाले. आनंदरावांनी परतीच्या एस.टी.तच पुस्तकं बांधून टाकली.

"माह्यं झालं बा," ते म्हणाले. "मी बिनपगारी रजा घेऊन बी.एड. करतो. हायस्कुलात लागन, पगार वाढन. तूही चल."

"बी.एड.मधी साल जाते," तुलाराम म्हणाला. "माह्यापाशी सालं कोठी हायेत? वयाची अट जवळ येऊन राहिली."

"मंग नोकरी सोड. नागपूरले खोली घे, साल-दोन साल दुसरं काही करू नोको."

"आन् नाही झालं तं? घरचे खातीन काय?"

इथंच माणूस अडकतो, बघा. परीक्षा हुकली तर हातात असावी म्हणून नोकरी धरलेली. पण ती नुसती हातात राहत नाही, सारा दिवस खाऊन टाकते. चार वर्ग, एक मास्तर. शिवाय मतदानाचं काम मास्तरांकडे, याद्या मास्तरांकडे, आणीबाणीत नसबंदीच्या केसेस आणायचा कोटाही मास्तरांच्याच गळ्यात होता. संध्याकाळी सायकल टेकवून पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. इतिहास पक्का व्हायचा तर इंग्रजीचा निबंध राहायचा, निबंध धरला तर गणित बोंबलायचं.

दुसऱ्या खेपेला मात्र तो लेखी परीक्षा पार करून गेला. अर्ज शिक्षण खात्यामार्फत जायचा, त्यामुळे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना खबर. मुलाखतीचं बोलावणं मुंबईहून आलं आणि गावानं त्याला तहसीलदार करून टाकलं. 'तहसीलदार सायेब, राम राम.' बायका वच्छलाला नळावर पुढं होऊ देऊ लागल्या. मुलाखतीत त्याला विचारलं, नोकरीत असताना अभ्यासाला वेळ कसा काढता? तो खरं बोलला, वेळ मिळत नाही म्हणाला. निवड यादीत नाव नव्हतं. थोडक्या गुणांनी हुकलं. थोडक्यात हुकणं हे सगळ्यात वाईट, कारण माणूस मग सोडून देत नाही.

गावानं मात्र तहसीलदार म्हणणं सोडलं नाही. आधी कौतुकानं म्हणत होते, आता सवयीनं. सातबाऱ्याचं कोणाचं अडलं की 'तहसीलदाराले इचार', पोरं वर्गाबाहेर चिडवायची तर तेच नाव.

हिशेब केला तर अजून एक संधी वयात बसत होती. तुलारामनं वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला. एकदा जीव ओतून करू, नंतर हळहळ तरी नको. वच्छलानंही मान डोलावली होती. ती म्हणाली, "मी रोवण्याले जाईन, निंदण काढीन. एक सालाचं काय मोठं."

पण तो अर्ज त्यानं दिला नाही. आज देऊ, उद्या देऊ. रजेवर गेलो आणि त्या वर्षी जाहिरातच आली नाही तर? ही भीती खोटी नव्हती. ऐंशी साल तसंच गेलं. आयोगाची जाहिरात आजची उद्यावर, उद्याची परवावर. तुलाराम अड्याळच्या बाजारात पेपर मिळायचा तिथं जाऊन रोज पान उलटायचा. त्या सालात दोनदा निवडणुका झाल्या, दोन्ही वेळा त्याची मतदान केंद्रावर नेमणूक. नवं साल उजाडलं ते जनगणनेला, आणि घरोघरी फिरून लोकांची वयं लिहून घ्यायचं काम मास्तरांकडंच.

काय थट्टा पाहा. म्हातारी माणसं त्याला म्हणायची, 'वय का? लिवा ना गुरुजी तुमच्या मनानं.' आणि तो त्यांच्या लग्नावरून, पुरावरून अंदाज काढून मनानं वय लिहायचा.

जाहिरात आली त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. तुलारामनं ती दुकानातच उभ्यानं वाचली. वयाची अट अठ्ठावीसची, आणि वय मोजायची तारीख एक जुलैच्या पुढची होती. त्या एक जुलैला कागदावर त्याला अठ्ठावीस पुरी झाली होती. कागदावरचा तुलाराम अटीच्या बाहेर गेला होता. दिवाळीत जन्मलेला खरा तुलाराम अजून वर्षभर आत होता. त्यानं पुन्हा वाचलं, मग दुकानदाराला म्हणाला, "पाणी द्या जी जरासं."

तो भंडाऱ्याला गेला. जन्मतारीख बदलते का म्हणून विचारलं. कारकून जुना माणूस होता, तुसडा नव्हता.

"गुरुजी, शाळेत असतेवेळी बदलली असती. शाळा सुटली का शाळेचं रजिस्टर बदलत नाही. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर जे हाय, तेच खरं. नोकरीच्या पुस्तकात तुमीच सही करून थेच लिवलं. आता काय सांगता, मी लाहान हाव म्हणून?"

"पण थे खोटं हाय ना."

"असन. पण साऱ्यांचंच खोटं हाय. कोणाकोणाचं बदलाचं?"

घरी आल्यावर त्याचा राग बापावर निघाला. दादाजी आता लेकाकडेच राहत होते, बाजेवर बसून सुतळी वळत होते.

"काहून एवढी घाई केली बा? एक साल थांबले असते तं का बिघडलं असतं?"

म्हाताऱ्याचे हात थांबले. "थ्या साली बोडी भरली होती, बाबू. तू बुडाला असता तं?" एवढं म्हणून ते पुन्हा सुतळी वळू लागले. तुलारामला वाटलं होतं आपण फार मोठं काही बोललो. आता त्याला स्वतःचीच चीड आली. ज्याला दोष द्यावा असं दुसरं माणूसच उरलं नव्हतं. रजेचा अर्ज न देणारा तेवढा होता, आणि तो तर तो स्वतः.

आनंदराव तोवर हायस्कूलमध्ये लागून कायम झाले होते. ते एकदा भेटायला आले, म्हणाले, "आता तरी बी.एड. कर." तुलाराम हो म्हणाला. पण त्याला पुस्तक उघडायचीच शिसारी बसली होती. तीच शाळा, तेच चार वर्ग, आणि रिटायर होईस्तोवर मागून हाक तहसीलदाराची. रिटायरसुद्धा व्हायचं तेही एक वर्ष आधी, त्या लांब हातापायी. हे लक्षात आलं तेव्हा तो वर्गात एकटाच हसला, आणि पोरं चमकून पाहू लागली.

पुढं एका जूनमध्ये दादाजी नातवाला घेऊन शाळेत आले. तुलारामचाच पोरगा, प्रल्हाद. अंगात नवा सदरा, डोक्याला तेल. "घे गुरुजी, तुह्या पोट्ट्याचं नाव लिव," म्हातारा थट्टेत म्हणाला. मग पोराला म्हणाला, "दाखव रे कान धरून."

पोरानं हात डोक्यावरून नेला. लांब हात, घराण्याचेच. बोटं कानाच्या पाळीला टेकली.

तुलाराम उठला. त्यानं पोराचा कोपर हळूच मागं ओढला. बोटं कानावरून सुटली.

"नाही पोचत," तो म्हणाला. "पुढच्या साली आणा."

"पोचला तं," दादाजी म्हणाले. "म्या पाह्यला."

"नाही पोचत, बा."

पोरगा रडकुंडीला आला. म्हाताऱ्यानं नातवाचं बोट धरलं आणि त्याला घरी नेलं. संध्याकाळी तुलाराम घरी आला तर वच्छला तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अजी, काहून नाही घेतलं त्याले?"

"एक साल जास्तीचं राहीन त्याच्यापाशी. तारीखही एक साल पुढची लिवून ठेवीन. माह्यासारखं कमी नाही पडन."

"कायले पायजे जास्तीचं?"

"परीक्षेले."

वच्छलानं सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे थो आत्ताच बसला का परीक्षेले?"

बाहेर प्रल्हाद आजाला पुन्हा पुन्हा कान धरून दाखवत होता, पोचते पाहा, पोचते पाहा.

पुढच्या जूनमध्ये गुरुजींनी स्वतःच्या हातानं पोराचं नाव दाखल केलं आणि जन्माचं साल एकानं पुढचं लिहिलं. पोराला एक वर्ष मिळालं. ते कशात घालायचं हे मात्र बापानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.