चाळीस वाती आणि दीडशे वाती

थेल्मा व्रेबल आमच्या गावातल्या हातबॉम्बच्या वातींच्या कारखान्यात सरकारची तपासनीस होती. कारखाना तिला पगार देत नसे, सरकार देई, आणि त्यामुळे कारखान्यातल्या जेवणघरात तिच्या टेबलावर सहसा कुणी बसत नसे. मी बसायची, कारण मीही सरकारचीच. चाचणीच्या शेडमध्ये विजेच्या घड्याळाचे आकडे टिपण्याचं काम माझं होतं. थेल्मा डब्यात कोबी परतून घातलेल्या शेवया आणायची आणि न बोलता जेवायची. नवरा पोलाद गिरणीत होता, तो गेल्यावर तिने दुसरं लग्न केलं नाही. चर्चच्या स्वयंपाकघरात दर शुक्रवारी ती पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, लाटायला जाई आणि तिथेही तिच्या पिरोगी सगळ्या एका मापाच्या असत, असं बायका हसून सांगत.

हातबॉम्बची खीळ काढून तो फेकला की वरची पट्टी उडते, वात पेटते आणि वात संपली की बॉम्ब फुटतो. आमची वात निदान चार सेकंद जळायलाच हवी होती. वरचीही एक मर्यादा होती, साडेपाचची, पण तिची कुणाला भीती नव्हती. उशिरा फुटलेला बॉम्ब शत्रूपाशी फुटतो. लवकर फुटलेला आपल्या माणसापाशी.

वात तपासायची म्हणजे जाळायची, आणि जळलेली वात विकता येत नाही. पूर्वी तीन हजारांच्या प्रत्येक खेपेतून दीडशे वाती जाळायच्या आणि चारच्या आत किती संपल्या तेवढंच मोजायचं, असा नियम होता. दोनपर्यंत चालतील, तिसरी निघाली की खेप परत. १९५८ साली कारखान्याचे मॅनेजर लायमन टटल यांनीच अर्ज करून नवी पद्धत मागून घेतली. तिच्यात फक्त चाळीस वाती जाळायच्या, पण प्रत्येकीचा वेळ लिहायचा. चाळीस वेळांची सरासरी काढायची आणि ते वेळ सरासरीभोवती किती पसरलेत, ते प्रमाण विचलन काढायचं. सरासरीतून चार वजा करून उरलेल्याला विचलनाने भागायचं. उत्तर २.१८ किंवा जास्त आलं तर पास.

"एकशे दहा वाती वाचल्या!" टटलसाहेब तेव्हा सगळ्यांना सांगत होते. "थेल्मा, तुझं ते गणितयंत्र मला सोन्याचं वाटायला लागलंय."

थेल्माने मला एकदा ते समजावून सांगितलं होतं. "चांगली की वाईट एवढंच विचारलंस तर वात एक शब्द बोलते, ऑर्फा. किती वेळ जळलीस विचारलंस तर बरंच बोलते. म्हणून थोड्या वातींत भागतं. पण एक अट आहे. वेळ घंटेच्या आकारात पसरलेले हवेत. मधे दाट, दोन्हीकडे विरळ. तसे नसतील तर हा हिशोब खोटं बोलतो."

पहिलं वर्षभर सगळं सुरळीत होतं. सरासरी ४.५२, विचलन ०.१९, उत्तर २.७४. मग उन्हाळ्यात एका खेपेला विचलन ०.२१ आलं. उत्तर २.४८. पास. पुढच्या खेपेला ०.२३. सरासरी ४.५१. उत्तर २.२२. तेही पासच, अगदी काठावर. थेल्मा शिक्का मारताना थांबली आणि वहीतली मागची पानं चाळत बसली.

"सरासरी हलत नाहीये," ती म्हणाली. "पसारा वाढतोय."

तिने टटलसाहेबांना जाऊन सांगितलं की वातीत दारू दाबायच्या यंत्रात काहीतरी बिघडतंय, बघून घ्या. साहेबांनी मान डोलावली. यंत्र थांबवायचं म्हणजे चार दिवस काम बंद, आणि सैन्याकडून तर रोज फोन येत होते. कुणी बघितलं नाही.

ऑक्टोबरात एकशे सतरा नंबरची खेप आली. चाळीस वाती मी एकामागून एक पेटवल्या. सर्वांत लवकर संपली ती ४.०५ सेकंदांत. थेल्माने गणितयंत्राचा दांडा फिरवला, आकडे वहीत उतरवले, पुन्हा पहिल्यापासून फिरवला. सरासरी ४.५१. विचलन ०.२६. उत्तर १.९६.

तिने खेपेवर लाल चिठ्ठी लावली. पंधरा मिनिटांत टटलसाहेब शेडमध्ये हजर.

"चाळीसपैकी किती वाईट निघाल्या?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"एकही नाही! चाळीसच्या चाळीस चारच्या वर, आणि तू खेप परत करतेस? हा कुठला न्याय, थेल्मा? चोर सापडला नाही, पण चोरी होणार म्हणून फाशी?"

"मिस्टर टटल, सरासरी चारच्या पुढे फक्त अर्धा सेकंद आहे आणि पसारा एवढा मोठा. या खेपेत शंभरातल्या दोन-अडीच वाती चारच्या आत जळणार. तीन हजारांत पंचाहत्तरच्या आसपास. चाळिसांत एकही हाती लागली नाही, यात नवल काहीच नाही."

"हे सगळं तुझी ती घंटा खरी असली तर ना? दोन-चार वाती उशिरा जळल्या असतील, त्यांनी विचलन फुगवलं असेल. उशीर झाला म्हणून कुणी मरत नाही."

हा मुद्दा खोटा नव्हता आणि थेल्माने तो उडवूनही लावला नाही. तिने खास आखलेला कागद काढला. त्यावर वेळ चढत्या क्रमाने मांडले की, घंटा खरी असेल तर, सगळे ठिपके एका सरळ रेषेत पडतात. चाळीस ठिपके तिने आमच्यासमोर पेन्सिलीने मांडले. वरच्या टोकाला कुठेही वळण नव्हतं. ठिपके सरळ खाली, चारच्या रेषेकडे चालले होते.

टटलसाहेबांनी ठिपक्यांवरून बोट खालपर्यंत नेलं. मग म्हणाले, "बरं," आणि गेले. मला ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सरकारच्या जिल्हा कार्यालयातून मेजर प्रुइट आले. माणूस सभ्य होता, टोपी काढून बोलायचा. त्याच्या हातात आदेश होता. एकशे सतरा नंबरची खेप जुन्या पद्धतीने, दीडशे वाती मोजून, पुन्हा तपासावी.

"जुनी पद्धतही सरकारमान्यच आहे ना, मिसेस व्रेबल?" तो म्हणाला.

"आहे. दोन्ही चांगल्या आहेत, मेजर. पण कुठली वापरायची ते खेप बघण्याआधी ठरवायचं असतं. एकीत नापास झाली म्हणून दुसरीत घालायची, हे म्हणजे हवा तो कौल मिळेपर्यंत देवाला विचारत राहायचं. आणि अशा खेपेला जुनी पद्धत चारांत एकदा तरी पास करून टाकते."

"म्हणजे चारांत तीनदा नापास करते. मग तुम्हाला भीती कसली?"

थेल्माने आदेश घडी करून वहीत ठेवला.

दीडशे वाती मीच पेटवल्या. टटलसाहेब आणि मेजर भिंतीला टेकून उभे होते. बत्तिसावी वात ३.९४ ला संपली. थेल्माने पहिली रेघ ओढली. एकशे आठवी ३.७१. दुसरी रेघ. अजून बेचाळीस वाती शिल्लक होत्या. खरं सांगते, एक तरी वाईट निघू दे, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. ४.०३ आली. ४.०६ आली. एक ४.०१. या पद्धतीत तिघीही चांगल्याच. ४.०१ आणि ४.८० यांत तिला काही फरक नाही. शेवटची वात ४.४४ सेकंद जळली आणि शेडमध्ये धूर तेवढा राहिला.

"दोन," मेजर म्हणाला. "दोन चालतात."

टटलसाहेबांनी टोपी घातली. "शिक्का मार, थेल्मा. तुझ्याच नियमाने."

थेल्माने कागदावर सही केली, खाली लिहिलं, 'चाळीस वातींच्या चाचणीत ही खेप नापास झाली होती, उत्तर १.९६', आणि शिक्का मारला. घरी जाताना ती मला म्हणाली, "दोन्ही कागदांवर मी खरंच लिहिलंय, ऑर्फा. आणि तरी खेप गेली."

त्यानंतर ती जेवणघरात वर्तमानपत्र घेऊन बसू लागली. सैन्याच्या छावण्यांची बातमी कुठे बारीक टाइपात असेल तिथे तिची नजर आधी जायची. डब्यातलं अर्धं तसंच राहायचं. शिक्का मारायला नकार द्यायला हवा होता का, हे तिने एकदाच विचारलं. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणी मारला असता." ती म्हणाली, "मग त्याने मारला असता," आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. दक्षिणेकडच्या एका शिबिरात एका नवशिक्या जवानाच्या हातून पट्टी सुटलेला बॉम्ब खंदकातच पडला होता. शिकवणाऱ्या सार्जंटने, डेलबर्ट ओक्स त्याचं नाव, तो उचलून बाहेर फेकला. असं त्याने आधीही दोनदा केलं होतं. चार सेकंद मिळतात, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. या वेळी बॉम्ब हातातून सुटला न सुटला तोच फुटला. जवानाचं एका डोळ्यावर निभावलं. ओक्स तिथेच गेला. वात एकशे सतरा नंबरच्या खेपेतली होती.

न वापरलेल्या एक हजार नऊशे चाळीस वाती परत आल्या आणि त्या सगळ्या जाळून बघण्याचा हुकूम निघाला. आठवडाभर आम्ही दुसरं काही केलं नाही. पेटवायची, आकडा लिहायचा, पुढची. टटलसाहेब पहिल्या दिवशी आले. दुपारपर्यंत चार वाती चारच्या आत संपल्या आणि ते उठून गेले, ते परत आले नाहीत. एकूण सत्तेचाळीस निघाल्या. थेल्माच्या हिशोबाने अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास निघायला हव्या होत्या.

तिला त्याचा आनंद झाला असेल असं कुणाला वाटलं तर त्याने तिचा चेहरा बघितलेला नाही. ती बाहेर जाऊन पाइपाच्या गार पाण्याखाली हात धरून किती तरी वेळ उभी राहिली.

चौकशीत सहीखालच्या त्या ओळीने थेल्मा सुटली. मेजर प्रुइटची बदली झाली, टटलसाहेबांनी वसंतात राजीनामा दिला. दारू दाबायचं यंत्र उघडलं तेव्हा आतला मार्गदर्शक दांडा झिजून सैल झालेला सापडला. प्रत्येक वातीवर दाब वेगळा पडत होता. थेल्माने जिल्हा कार्यालयाला पत्र लिहून एक नियम करवून घेतला. खेप दारात येण्याआधी तपासणीची पद्धत कागदावर लिहायची, त्यावर कारखान्याची आणि सरकारची सही घ्यायची आणि मग ती बदलायची नाही. ओक्सच्या आईलाही तिने पत्र लिहिलं. काय लिहिलं ते मला सांगितलं नाही. उत्तर आलं नाही.

एप्रिलमध्ये दुरुस्त यंत्रावरची पहिली खेप आली. नव्या कागदावर दोन्ही सह्या झाल्या. मी चाळीस वाती पेटवल्या. सरासरी ४.५०, विचलन ०.२०. थेल्माने गणितयंत्राचा दांडा तीनदा फिरवला, तिन्ही वेळा २.५० आलं.

"पास ना?" नवे मॅनेजर दारातून म्हणाले.

"पास," ती म्हणाली. शिक्का तिने हातात घेतला, शाईवर टेकवला आणि कागदापासून बोटभर वर धरून ठेवला. मॅनेजर वाट बघून निघून गेले. मी घड्याळाच्या तारा गुंडाळल्या, राखेची बादली बाहेर ठेवून आले, तरी तिचा हात तिथेच होता.